गेट, वजनकाटा, बिल: तीन सिस्टमच्या वेळा एकमेकींशी जुळत नाहीत

मृणाल_मकरपुरा

नमस्कार मंडळी. मी बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात डिस्पॅचचा एमआयएस बघते. गाडी गेटात शिरल्यापासून बिल होऊन बाहेर पडेपर्यंत किती वेळ जातो आणि नक्की कुठे अडकते, हे मार्च महिन्यापुरतं काढून द्यायचं आहे. वेळा तीन सिस्टममधून येतात आणि प्रत्येकीची लिहिण्याची तऱ्हा वेगळी. एकाच गाडीच्या तीन नोंदी बघा:

```
gate   pass 17   2025-03-03T03:42:10Z
kata   pass 17   03/03/2025 09:31:05
bill   pass 17   03-Mar-2025 10:48 IST
```

गेटपासचा नंबर रोज रात्री बारा वाजता पुन्हा १ पासून सुरू होतो. त्यामुळे नोंदी जोडायला नंबर आणि तारीख दोन्ही लागतात. आमच्याकडे आधीपासून चालत आलेली एक पायथन स्क्रिप्ट आहे. काट्याच्या वेळा ती अशा वाचते:

```python
kata["vel"] = pd.to_datetime(kata["DateTime"], errors="coerce")
```

गेटच्या वेळेतलं शेवटचं `Z` मात्र ती सरळ काढून टाकते.

आता गंमत अशी की १३ मार्चपासून पुढच्या काट्याच्या सगळ्या वेळा रिकाम्या येतात. १ ते १२ तारखेतल्या नोंदींपैकी फक्त ३ मार्चच्या गाड्या गेटशी जुळतात, बाकी एकही नाही. आणि ज्या जुळतात त्यांच्यात गेट ते काटा पावणेसहा तास दिसतात. गेटपासून काटा डोळ्यांना दिसतो इतका जवळ आहे! मॅनेजरसाहेबांनी तो आकडा पाहून काट्यावरच्या ऑपरेटरला बोलावून घेतलं. त्या बिचाऱ्याला काय उत्तर द्यावं ते कळेना. हे नीट कसं सोडवायचं?

दांडियाबाजारचा_बंड्या

मृणालताई, सोपं आहे. काट्याला `dayfirst=True` द्या म्हणजे दिवस-महिन्याची अदलाबदल थांबेल. गेटची वेळ ग्रीनिचची आहे, ती एक्सेलमध्येच `=SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2,"T"," "),"Z","")+5.5/24` करून घ्या. पंधरा मिनिटांत रिपोर्ट तयार. आमच्याकडे कित्येक महिने असंच चाललंय.

भाऊकाका_रावपुरा

काट्याच्या कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलं असेल. खाली उजव्या कोपऱ्यात वेळेवर क्लिक करून बरोबर करा. माझा मुलगा शिकागोला असतो. मार्चमध्ये एका रविवारी त्याचा फोन रोजच्या वेळी आलाच नाही, तासभर आधीच येऊन गेला होता. मी देवपूजेत होतो. घड्याळं तपासून पाहावीत हे बरं.

काटेकोर

भाऊकाका, घड्याळाचा मुद्दा लक्षात असू द्या, पुढे लागेल. पण मृणालच्या पहिल्या तिन्ही तक्रारींत घड्याळाचा काही संबंध नाही. त्या तिन्ही वाचण्याच्या चुका आहेत, आणि कुठल्या ते आकडेच सांगताहेत.

मार्चची काट्याची फाइल `01/03/2025 06:12:40` अशी सुरू होत असणार. पांडासची २.० पासूनची आवृत्ती पहिली भरलेली ओळ पाहून साचा ठरवते आणि तोच साचा खालच्या सगळ्या ओळींना लावते. काही सांगितलं नाही तर ती महिना आधी धरते. म्हणून १ मार्च झाला ३ जानेवारी, २ मार्च झाला ३ फेब्रुवारी, असं करत १२ मार्चला ३ डिसेंबर. फक्त ३ मार्च उलटा केला तरी ३ मार्चच राहतो, म्हणून तेवढाच जुळला. तेराव्या महिन्याला जागाच नाही. तिथे खरं तर एरर येऊन स्क्रिप्ट थांबायला हवी होती, पण `errors="coerce"` लिहिल्यामुळे एरर गिळली गेली आणि ओळी रिकाम्या झाल्या. मृणाल, `vel` वर `min()` आणि `max()` चालवून बघ. जानेवारी आणि डिसेंबर दिसले तर हेच झालंय.

पांडासच्या जुन्या आवृत्तीत प्रकरण याहून वाईट होतं. ती प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे वाचायची. १ ते १२ उलट्या, १३ पासून सुलट्या, रिकामी ओळ एकही नाही आणि एररही नाही. ज्यांच्या सर्व्हरवर अजून जुनी आवृत्ती आहे त्यांनी महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या नोंदी मोजाव्यात. त्या वर्षभर विखुरलेल्या असतील.

आता बंड्या. `dayfirst=True` या फाइलला चालेल, पण ती आज्ञा नव्हे, नुसता कल सांगणं आहे. पहिलीच ओळ `03/13/2025` अशी आली तर पांडास एक वॉर्निंग देऊन महिना आधी धरून मोकळं होतं. साचा पूर्ण लिहून द्यावा:

```python
kata["vel"] = (
    pd.to_datetime(kata["DateTime"], format="%d/%m/%Y %H:%M:%S")
      .dt.tz_localize("Asia/Kolkata")
      .dt.tz_convert("UTC")
)
gate["vel"] = pd.to_datetime(gate["in_time"], utc=True)
```

`coerce` काढून टाकायचं. साच्यात न बसणारी ओळ आली की स्क्रिप्ट थांबली पाहिजे आणि ती ओळ माणसाने डोळ्यांनी पाहिली पाहिजे.

गेटच्या वेळेतलं `Z` म्हणजे ती वेळ यूटीसी आहे. ते काढून टाकलं की ०३:४२ हे बडोद्याचे ०३:४२ समजले जातात. खरी वेळ सकाळी ०९:१२:१०. काट्यावर गाडी ०९:३१:०५ ला चढली. म्हणजे मध्ये १८ मिनिटं ५५ सेकंद गेली. तुमच्या रिपोर्टमध्ये ५ तास ४८ मिनिटं ५५ सेकंद आली असतील. दोन्हींतला फरक बरोबर साडेपाच तास, सेकंदाचाही कमी-जास्त नाही. माणूस उशीर करतो तेव्हा प्रत्येक गाडीला वेगळा करतो. सगळ्या गाड्यांवर एकच नेमका फरक बसला असेल तर तो रांगेचा असूच शकत नाही. ऑपरेटरला तेवढं सांगून टाका.

दांडियाबाजारचा_बंड्या

साचा लिहावा हे पटलं. पण साडेपाच तास मिळवण्यात काय वाईट आहे ते कळलं नाही. उत्तर तर तेच येतं की.

काटेकोर

आज तेच येतं. पण साडेपाच तास मिळवलेल्या आणि न मिळवलेल्या आकड्यात दिसायला काहीच फरक नसतो. गेटच्या ॲपमधून वेळा दोन वाटांनी निघतात. एपीआयने काढल्या तर यूटीसी, आणि ब्राउझरच्या पडद्यावरून एक्सपोर्ट केल्या तर बहुतेक ॲप त्या आधीच भारतीय वेळेत करून देतात. एखाद्या महिन्यात रजेवर असलेल्या माणसाच्या जागी दुसऱ्याने पडद्यावरून फाइल काढली की तुमचं सूत्र पुन्हा साडेपाच तास चढवणार. वेळेच्या शेवटी `Z` किंवा `+05:30` असेल तर यंत्राला स्वतःच कळतं आणि दोनदा बदल होत नाही. कुठे अकरा तासांचा फरक दिसला तर समजा, कुणीतरी मिळवायच्या ऐवजी वजा केलंय.

आणि एक, हे फार महत्त्वाचं आहे. मृणाल, तुमच्याकडे तिसरी पाळी चालते का?

मृणाल_मकरपुरा

हो, टँकर रात्रीच जास्त येतात. आणि `min()` ३ जानेवारी, `max()` ३ डिसेंबर. अगदी तुम्ही म्हणालात तसंच! साचा लिहिल्यावर मार्चच्या सगळ्या ओळी भरल्या.

काटेकोर

मग जोडण्याच्या तारखेकडे लक्ष द्या. ४ मार्चच्या पहाटे २ वाजता आलेल्या टँकरला पास नंबर ३ मिळाला, तर गेटच्या फाइलमध्ये त्याची वेळ `2025-03-03T20:30:00Z` असते. तारीख या मजकुरातून कापून घेतली तर ती ३ मार्च निघते. ३ मार्चलासुद्धा पास नंबर ३ होताच, दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा. मग या टँकरची गेटची वेळ त्या दुसऱ्या गाडीच्या वजनाला जोडली जाते. ओळ रिकामी राहत नाही, एरर येत नाही, आकडाही कधीकधी पटण्यासारखा दिसतो. रात्री १२ ते पहाटे साडेपाच या वेळेतली प्रत्येक गाडी अशी एक दिवस मागे जाते.

तेव्हा आधी वेळ भारतीय करायची, मग त्यातून तारीख काढायची, मग पास नंबरशी जोडायची. हा क्रम उलटा झाला तर वरचं सगळं केलेलं वाया.

```python
gate["din"] = gate["vel"].dt.tz_convert("Asia/Kolkata").dt.date
```

अनिता_अलकापुरी

म्हणजे शेवटी भारतीय वेळेतच आणायचं आहे ना? मग मध्ये यूटीसीचा वळसा कशाला? कारखाना मकरपुऱ्यात, गाड्या गुजरात-महाराष्ट्रातल्या, बिल करणारा बडोद्याचा. भारतात घड्याळ पुढे-मागे करण्याची भानगडही नाही. मी प्लांटचा सगळा डेटा आयएसटीतच ठेवते. दुपारी अडीचला काय झालं असं कुणी विचारलं तर फाइलमध्ये १४:३० शोधता येतं. यूटीसीत ठेवलं की शिफ्ट इनचार्ज बोटांवर वजाबाकी करत बसतो.

काटेकोर

ताई, आयएसटीत ठेवायला माझी हरकत नाही, मात्र `+05:30` त्या आकड्याला चिकटलेलं हवं. नुसतं १४:३० नको. माणसाला दाखवताना भारतीय वेळ आणि साठवताना यूटीसी अशी माझी सवय आहे, कारण आयआयएससारखे सर्व्हर आपल्या नेहमीच्या डब्ल्यू३सी लॉगमध्ये यूटीसीच लिहितात. डॉकरमध्ये चालणारी ॲप्सही सांगितलं नाही तर यूटीसीवरच असतात. एका टेबलात दोन तऱ्हा नकोत एवढंच.

अनिता_अलकापुरी

ऑफसेट चिकटवलेला असावा हे मान्य. यूटीसीचं अजून पटलेलं नाही. ज्या माणसांनी रोज फाइल उघडून बघायची आहे त्यांचा विचार आधी व्हावा असं मला वाटतं.

निमिष_गोत्री

अनिताताई, सगळं भारतात असेल तर तुमचं खरं आहे. आमचं उदाहरण सांगतो. आमच्या एका ग्राहकाचा सर्व्हर शिकागोच्या वेळेत लॉग लिहितो, ऑफसेटशिवाय. टीमने साडेअकरा तास मिळवायचा नियम करून ठेवला होता. हिवाळ्यात तो बरोबर असतो. २०२५ मध्ये ९ मार्चला तिथली घड्याळं तासभर पुढे गेली आणि फरक साडेदहा झाला. त्या रविवारपासून आमच्या सगळ्या ऑर्डर खऱ्यापेक्षा एक तास उशिरा पोचल्यासारख्या दिसायला लागल्या. भाऊकाका, तुमच्या मुलाचा फोन त्याच रविवारी तासभर लवकर आला असणार!

`America/Chicago` असं नाव दिलं की हिवाळा-उन्हाळा पायथन बघून घेतं. पण नोव्हेंबरचं कोडं उरतंच. २ नोव्हेंबर २०२५ ला तिथे पहाटेचे १:३० दोनदा वाजतात, आणि नुसत्या `01:30` वरून पहिला की दुसरा हे कळायला मार्ग नाही. पांडास तिथे अडून बसतं. ओळींच्या क्रमावरून अंदाज बांधता येतो, पण लॉग जर तीन-चार प्रोसेस मिळून लिहीत असतील तर तोही खात्रीचा नाही.

भाऊकाका_रावपुरा

अरे वा, फोनचा खुलासा झाला. तो रविवारच होता. सौ.ला सांगतो.

मृणाल_मकरपुरा

काटेकोरदादा, क्रम बदलला आणि रात्रीच्या गाड्या जागेवर आल्या. गेट ते काटा आता ठीक दिसतंय. पण आता बिलाचा घोळ समोर आलाय, आणि तो जास्त गंभीर आहे. पास १७ बघा. गेटबाहेर गाडी `2025-03-03T05:50:00Z` ला गेली, म्हणजे सकाळी ११:२०. बिल १०:४८ चं आहे, छापील प्रतीवरही तेच आहे. पण डेटाबेसमधून काढलं की बिलाची वेळ १४:१८ येते! म्हणजे माल बिलाशिवाय तीन तास रस्त्यावर. ऑडिटवाल्यांच्या हाती हा रिपोर्ट गेला तर काय होईल, कल्पना करा. फरक साडेपाचचाही नाही, अकराचाही नाही.

सयाजीगंज_एक्सप्रेस

साडेतीन तास. भारत आणि इस्राइलच्या घड्याळात हिवाळ्यात तेवढाच फरक असतो.

मृणाल_मकरपुरा

इस्राइल? आमचं तिकडे काहीच नाही हो.

शिरीष_डेटाबेस

सयाजीगंजरावांनी एका ओळीत पकडलं. मृणाल, डेटाबेस पोस्टग्रेस आहे ना? बिलाच्या मजकुरातलं `IST` तुमच्यासाठी भारतीय, पण ही तीन अक्षरं इस्राइल आणि आयर्लंडही वापरतात. पोस्टग्रेसच्या मूळ यादीत `IST` चा अर्थ इस्राइलची वेळ, यूटीसीच्या दोन तास पुढे. स्वतः करून पाहा:

```sql
SET timezone = 'UTC';
SELECT '03-Mar-2025 10:48 IST'::timestamptz;
-- 2025-03-03 08:48:00+00
```

०५:१८ यायला हवे होते, आले ०८:४८. त्यात साडेपाच मिळवले की तुमचे १४:१८. म्हणजे बिल वेळेवरच झालंय, गाडी निघायच्या ३२ मिनिटं आधी.

दोन उपाय आहेत. `SET timezone_abbreviations = 'India';` केलं की याच अक्षरांचा अर्थ साडेपाच होतो. पण हे सेटिंग प्रत्येक कनेक्शनला लागू आहे की नाही हे बघत बसावं लागतं, आणि सर्व्हर बदलला की कुणीतरी विसरतं. म्हणून मी दुसरा उपाय करतो: डेटा आत घेण्याआधीच मजकुरात `IST` च्या जागी `+05:30` घालतो. आधीच आत गेलेल्या ओळींमधून साडेतीन तास वजा करावे लागतील, पण फक्त त्या वाटेने आलेल्यांमधून. ॲपने थेट लिहिलेल्या ओळी बरोबर असू शकतात. सरसकट `UPDATE` मारू नका, आधी छापील बिलांशी काही ओळी ताडून पाहा.

निमिष_गोत्री

लिनक्सवरही `IST` असाच दगा देतं. `TZ=IST date` चालवून पाहा. त्या नावाचा झोन नसल्यामुळे सिस्टम मुकाट्याने यूटीसी वेळ छापते आणि तिच्यापुढे `IST` असं लिहिते. लॉगवर `IST` लिहिलंय म्हणून ती भारतीय वेळ आहे असं धरून चालता येत नाही. नाव `Asia/Kolkata` असंच द्यायचं.

दांडियाबाजारचा_बंड्या

मी आमच्या इथे तपासलं. पडद्यावरून काढलेल्या फाइलवर माझं सूत्र खरंच दुसऱ्यांदा चढतं. आता सूत्र काढून ऑफसेटवाली फाइल मागवतोय. मात्र आमच्या एका स्क्रिप्टमध्ये वेगळंच दिसतंय: फरक २३ मिनिटांचा. साडेपाच नाही, साडेतीन नाही, सगळ्या ओळींना सरळ २३ मिनिटं. हा कुठला देश?

काटेकोर

हा देश आपलाच. स्क्रिप्टमध्ये `pytz` असेल आणि असं काही लिहिलेलं असेल:

```python
datetime(2025, 3, 3, 10, 48, tzinfo=pytz.timezone("Asia/Kolkata"))
```

`pytz` चा झोन असा थेट चिकटवला की तो त्या शहराची सगळ्यात जुनी नोंद उचलतो. कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ यूटीसीच्या ५ तास ५३ मिनिटं पुढे होती. म्हणून १०:४८ ची वेळ भारतीय घड्याळात १०:२५ होऊन परत येते. `pytz` मध्येच राहायचं तर `localize()` वापरायचं. पायथन ३.९ पासून `zoneinfo` सोबतच येतं, त्यात ही अडचण नाही.

भाऊकाका_रावपुरा

तुमच्या बाकीच्या गोष्टी माझ्या डोक्यावरून गेल्या, पण ही ओळखीची आहे. आमचे आजोबा 'मुंबई टाइम' आणि 'स्टँडर्ड टाइम' असे दोन शब्द वापरायचे. लग्नपत्रिकेत मुहूर्ताच्या वेळेपुढे 'स्टँ. टा.' लिहायची पद्धत होती, ती त्यामुळेच. १९०६ पासून देशाला एक वेळ झाली तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं मागची वेळ कितीतरी वर्षं सोडली नव्हती.

काटेकोर

१९५५ पर्यंत, काका. आणि दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ अख्ख्या देशाचं घड्याळ आणखी एक तास पुढे होतं, यूटीसीच्या साडेसहा तास. हा युद्धकाळातला बदल `Asia/Kolkata` च्या नोंदीत अजून आहे. जुन्या पर्जन्यमानाच्या किंवा रेल्वेच्या नोंदी कुणी संगणकावर चढवत असेल तर 'भारतात कायम साडेपाच' हे गृहीत धरू नये.

अनिता_अलकापुरी

काका, तुमच्याकडे तशी एखादी पत्रिका असेल तर बघायला आवडेल. रविवारी सेव उसळ खायला रावपुऱ्यात येणारच आहे.

भाऊकाका_रावपुरा

अवश्य ये बेटा. ट्रंकेत शोधून ठेवतो.

मृणाल_मकरपुरा

मंडळी, बिलांचं शिरीषदादांनी सांगितल्याप्रमाणे केलं. छापील बिलांशी ताडून पाहिलं, बरोबर आलं. ऑपरेटरलाही साहेबांसमोर सगळं समजावून सांगितलं.

दोन गोष्टी उरल्या आहेत. फेब्रुवारीची काट्याची फाइल अकाउंट्सकडून आली. तिला हाच साचा लावला तर पहिल्याच ओळीवर अडते. ओळी अशा आहेत:

```
1/2/2025 6:12
12/2/2025 14:05
13/02/2025 05:58:31
```

दुसरं, मार्चमध्ये काही गाड्या काट्यावर आधी चढल्या आणि गेटात नंतर शिरल्या असं दिसतंय. फरक दोन मिनिटांपासून सातेक मिनिटांपर्यंत, प्रत्येक गाडीचा वेगळा.

शिरीष_डेटाबेस

फेब्रुवारीची फाइल कुणीतरी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली आहे. त्या लॅपटॉपचं रीजन अमेरिकन असणार. १ ते १२ तारखा एक्सेलला तारखा वाटल्या, म्हणून त्याने त्या आपल्या पद्धतीने परत लिहिल्या: पुढचं शून्य गेलं, सेकंद गेले. १३ पासूनच्या त्याला तारखा वाटल्याच नाहीत, म्हणून मजकूर जसाच्या तसा राहिला. त्याच लॅपटॉपवर एक्सेलमध्ये उघडून बघितलंस तर पहिल्या उजवीकडे टेकलेल्या आणि दुसऱ्या डावीकडे टेकलेल्या दिसतील. आकड्यांचा क्रम बदललेला नाही, `1/2` म्हणजे १ फेब्रुवारीच. पण गेलेले सेकंद त्या फाइलमधून परत मिळणार नाहीत. काट्याच्या पीसीवरून मूळ फाइल काढून आण. आणि यापुढे तिथून आलेली सीएसव्ही कुणी उघडायच्या आधी एक प्रत बाजूला ठेवत जा.

काटेकोर

आता भाऊकाकांचा पहिला मुद्दा. काट्याचा पीसी नेटवर्कवर आहे का? बहुतेक ठिकाणी तो एकटाच असतो आणि त्याचं घड्याळ कुणी जुळवत नाही. तसं असेल तर फरक तारखेनुसार हळूहळू वाढत जाईल. १ मार्चला थोडा, ३१ मार्चला जास्त. आडव्या रेषेवर तारीख आणि उभ्या रेषेवर गेट ते काटा लागलेला वेळ असा आलेख काढ. दर दिवसाचा सगळ्यात कमी वेळ घे, सरासरी नको, कारण सरासरीत रांग मिसळते. ते बिंदू एका उतरत्या रेषेत पडले तर घड्याळच सरकतंय.

सयाजीगंज_एक्सप्रेस

किंवा गेटवरचा वॉचमन गाडी आत सोडतो आणि गर्दी ओसरल्यावर एंट्री करतो. आमच्या गेटवर पावसाळ्यात हेच चालतं. तेव्हा आलेख पाळीनुसारही काढा.

मृणाल_मकरपुरा

पीसी नेटवर्कवर नाही. आलेख काढला. बिंदू खाली उतरताहेत खरे, पण सरळ रेषेत नाहीत: १८ तारखेला एकदम वर उडी आहे आणि तिथून पुन्हा उतार. आणि नकारात्मक आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याचशा दुसऱ्या पाळीतल्या आहेत.

काटेकोर

१८ तारखेला कुणीतरी घड्याळ हाताने मिळवलं असावं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टम लॉगला वेळ बदलल्याची नोंद राहते, `Kernel-General`, आयडी १. त्यात जुनी आणि नवी वेळ दोन्ही असतात, म्हणजे त्या क्षणी घड्याळ किती चुकलं होतं ते नेमकं कळेल. दोन्ही उतार सारखेच निघाले तर तेवढी दुरुस्ती मार्चच्या काट्याच्या वेळांना लावता येईल. दुसऱ्या पाळीचं मात्र त्यातून सुटणार नाही. दुरुस्तीनंतरही त्या गाड्या नकारात्मक राहिल्या तर सयाजीगंजराव म्हणतात तेच.

अनिता_अलकापुरी

मला दुरुस्ती लावण्याचं धाडस वाटत नाही. रिपोर्टमध्ये 'काट्याचं घड्याळ काही मिनिटांनी चुकीचं' असं लिहून दहा मिनिटांखालच्या फरकावर निष्कर्ष काढू नये. साहेबांना तरी दहा मिनिटांचं काय करायचंय?

मृणाल_मकरपुरा

अनिताताई, गेट ते काटा सरासरीच वीस मिनिटांच्या आसपास आहे, त्यामुळे दहा मिनिटं सोडली तर निम्मं चित्र पुसलं जाईल. उद्या काट्याच्या पीसीवर इव्हेंट लॉग बघते, फेब्रुवारीची मूळ फाइलही तिथूनच आणते. दुसऱ्या पाळीच्या वॉचमनशी मी स्वतः बोलेन, आलेख पुढे न करता. आयटीवाल्यांना तो पीसी गेटच्या सर्व्हरशी वेळेपुरता जोडून द्यायला सांगितलंय. ते म्हणतात, काट्याच्या सॉफ्टवेअरवाल्याची परवानगी लागेल.

शिरीष_डेटाबेस

परवानगी मिळेपर्यंत रोज सकाळी काट्याचा पीसी आणि मोबाइल शेजारी धरून एक फोटो काढायला सांग, दोन्हींवर सेकंद दिसतील असा. घड्याळ जुळवायचं नाही, नुसता फोटो. एप्रिलची दुरुस्ती त्यावरूनच करता येईल.